छापील किमतीवर पुन्हा पुन्हा जीएसटी चढतो? सॉफ्टवेअरवाल्याला पाठवायचे पत्र आणि नंतरची तपासणी

बाटलीवर छापील किंमत 105 रुपये आणि बिल निघते 110 रुपयांचे. दुकानदार सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावतो, तिकडचा मुलगा रिमोट घेतो, इंग्रजी पडद्यांवरून भराभर पुढे जात कुठेतरी एक टिक करतो आणि म्हणतो, "झालं काका, बघा." बिल खरोखर 105 चे येते. पुढचा माल भरला की त्यातल्या काही वस्तूंवर तोच प्रकार पुन्हा सुरू. आमच्या किराणा दुकानात हे वारंवार व्हायला लागल्यावर मी फोन करणे थांबवले आणि लेखी पत्र पाठवले. उत्तर आले, आणि त्यातून दुखण्याचे मूळ सापडले. ते पत्र, ते लिहिण्याआधी करायची तपासणी आणि उत्तर आल्यावर करायच्या चाचण्या इथे देत आहे. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरची नावे थोडी वेगळी असतील, पण गणित आणि विचारायचे प्रश्न हेच राहतील.

हे अंगावर काढण्यासारखे दुखणे नाही. वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, 2011 प्रमाणे पाकिटावरची कमाल किरकोळ किंमत सगळे कर धरूनच असते आणि किरकोळ विक्रेत्याला तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही. गिऱ्हाइकाने 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली, तर उत्तर दुकानदाराला द्यावे लागते. "सॉफ्टवेअरने लावले" हे तिथे चालत नाही.

आधी दुखणे हेच आहे का, ते पाहा

वेगवेगळ्या कराच्या दोन वस्तू घ्या. मी केसांचे तेल आणि धुण्याची पावडर घेतली. केसांच्या तेलावर 22 सप्टेंबर 2025 पासून 5 टक्के कर आहे, त्याआधी 18 होता. पावडरवर 18 टक्केच आहे. दोन्हींचे एकेका नगाचे वेगळे बिल करा. बिल करताना `Round Off` बंद ठेवा, कारण ते चालू असले की पैशांतला फरक गिळला जातो आणि चूक दिसत नाही.

आमच्याकडे 105 रुपयांच्या तेलाचे बिल 110.25 आले आणि 118 रुपयांच्या पावडरचे 139.24. आता बिलाच्या रकमेला छापील किमतीने भागा. तेलाचे उत्तर येते 1.05 आणि पावडरचे 1.18. उत्तर असे नेमके कराच्या दराएवढे वर आले, तर सॉफ्टवेअर छापील किमतीलाच मूळ किंमत समजून तिच्यावर कर चढवत आहे. दुसरे कुठलेही कारण शोधत बसायची गरज नाही.

बरोबर बिलात कर आतून काढलेला असतो. त्याचे सूत्र असे:

```
मूळ किंमत = छापील किंमत × 100 ÷ (100 + कराचा दर)
```

म्हणजे तेलाची मूळ किंमत 100, केंद्राचा कर 2.50, राज्याचा 2.50, एकूण 105. पावडरची मूळ किंमत 100, कर 9 आणि 9, एकूण 118.

इथे एक गोष्ट थांबून सांगतो, कारण पेठेत बऱ्याच दुकानांत ही पाहिली आहे. सेटिंग सापडत नाही म्हणून दुकानदार छापील किमतीतून कराचे टक्के वजा करतात आणि तो आकडा दर म्हणून भरतात. 105 मधून 5 टक्के वजा केले की 99.75 उरतात, त्यावर सॉफ्टवेअरने 5 टक्के चढवले की 104.74 होतात, आणि `Round Off` चालू असेल तर बिल थेट 105 चे दिसते. सगळे जुळल्यासारखे वाटते. तेच पावडरला केले तर 118 मधून 18 टक्के जाऊन 96.76 उरतात आणि बिल 114.18 चे होते, म्हणजे एका पाकिटामागे जवळजवळ चार रुपये गल्ल्यातून गेले. वजाबाकीने कर आतून निघत नाही, भागाकारानेच निघतो. आणि भागाकार करून बरोबर दर हाताने भरला, तरी ते तात्पुरतेच. पुढे कोणी सेटिंग दुरुस्त केले की तेल 105 ऐवजी 100 ला विकले जाते आणि कित्येक दिवस कोणाच्या लक्षातही येत नाही.

फरक एक-दोन पैशांचा असेल तर मात्र तो या दुखण्यातला नाही. 5 टक्के कराचे 10 रुपयांचे तीन पुडे घेतले तर एकूण 30 ची मूळ किंमत 28.57, दोन्ही कर 0.71 आणि 0.71, बेरीज 29.99. काही सॉफ्टवेअर आधी एका नगाची किंमत 9.52 धरतात आणि मग तिप्पट करतात, तिथे 29.98 येतात. दशांशाच्या दोनच जागा ठेवल्याने हे होते. बिलाच्या तळाशी `Round Off` ची ओळ ते 30 करते. तिचे खरे काम एवढेच.

टिक केली तरी परत का येते

कर धरून की कर सोडून, हे एकाच जागी ठरत नाही. साधारण तीन जागा असतात आणि प्रत्येक जागी त्याच गोष्टीला वेगळे नाव असते, म्हणून पडदे पाहून त्या एकमेकांशी जोडलेल्या आहेत हे कळत नाही.

पहिली जागा दुकानाच्या मुख्य सेटिंगमध्ये असते. आमच्याकडे तिथे `Prices Include Tax` असे लिहिले आहे. ती फक्त यापुढे भरल्या जाणाऱ्या नव्या वस्तूंना लागू होते. दुसरी जागा प्रत्येक वस्तूच्या पानावर, `Tax Type`, आणि तिच्यात `Inclusive` किंवा `Exclusive` निवडायचे. तिसरी बिल करायच्या पडद्यावर, दराच्या रकान्याच्या डोक्यावर, `With Tax` किंवा `Without Tax`. रिमोट घेणारा मुलगा घाईत असतो. तो समोरचे बिल दुरुस्त होईल अशी सगळ्यात जवळची जागा बदलतो, म्हणजे तिसरी, किंवा फार तर त्या एका वस्तूची दुसरी. पहिली तशीच राहते. नवा माल आला की नव्या वस्तू पहिल्या जागेवरून जुनाच नियम उचलतात.

एवढे आमच्या लक्षात आले होते. तरी एक कोडे उरत होते. ज्या वस्तू महिनोन्‌महिने बरोबर बिलात येत होत्या, त्यासुद्धा मधूनच एखाद्या दुपारी चढ्या निघायच्या आणि दुसऱ्या दिवशी आपोआप बरोबर. याचे उत्तर पडद्यावर कुठेच नव्हते, ते सॉफ्टवेअर करणाऱ्यालाच माहीत असणार. म्हणून पत्र.

पत्र लिहिताना

पडद्यावरचे नाव जसे आहे तसेच, त्याच इंग्रजी अक्षरांत लिहा. आमच्या जिल्ह्याच्या डीलरला मराठी येते, पण तो पत्र पुढे कंपनीकडे पाठवतो आणि तिथला माणूस ते नाव शोधूनच त्या पडद्यापर्यंत पोहोचतो. "टॅक्सवाला ऑप्शन" लिहिले तर त्याला काहीच सापडत नाही. पडद्यांचे फोटो काढून त्यांवर 1, 2, 3 असे आकडे घाला आणि पत्रात तेच आकडे वापरा.

"हे सेटिंग समजावून सांगा" असे मोघम विचारले तर मदतपुस्तिकेतला एक परिच्छेद चिकटवून येतो. त्याऐवजी एक वस्तू, एक किंमत, एक दर द्या आणि या सेटिंगने बिलात कोणता आकडा येईल ते विचारा. आकडा विचारला की उत्तर टाळता येत नाही आणि आलेले उत्तर दुकानात बसून तपासता येते. सॉफ्टवेअरची आवृत्तीही लिहा. ती बहुतेक ठिकाणी `Help` मध्ये `About` खाली दिसते.

आमचे पत्र असे होते. नाव-पत्ता आणि परवान्याचा क्रमांक काढून टाकला आहे, बाकी जसेच्या तसे.

---

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(मार्फत: आमचे जिल्ह्याचे अधिकृत डीलर)

विषय: छापील किमतीवर पुन्हा जीएसटी लागत असल्याबद्दल, व संबंधित सेटिंगचा खुलासा मिळण्याबाबत.

महोदय,
स. न. वि. वि.

आम्ही आपले बिलिंग सॉफ्टवेअर आमच्या किराणा दुकानासाठी वापरतो. आमची नोंदणी नियमित करदाता म्हणून आहे, कंपोझिशन योजनेत नाही. दुकान महाराष्ट्रात आहे आणि गिऱ्हाईकही इथलेच, त्यामुळे आमच्या बिलावर केंद्र व राज्य असे दोन कर लागतात. सॉफ्टवेअरची आवृत्ती व परवाना क्रमांक पत्राच्या शेवटी लिहिला आहे.

आमच्या काही बिलांत वस्तूच्या छापील किमतीवर जीएसटी वेगळा लागून येतो. सोबत दोन बिलांच्या प्रती जोडल्या आहेत. केसांचे तेल, छापील किंमत 105, कर 5 टक्के, बिल 110.25. धुण्याची पावडर, छापील किंमत 118, कर 18 टक्के, बिल 139.24. छापील किंमत कर धरूनच असल्याने ही बिले अनुक्रमे 105 व 118 ची यायला हवीत. आपल्या प्रतिनिधींनी रिमोट घेऊन हे वेळोवेळी दुरुस्त केले आहे, परंतु नवीन माल भरल्यावर ते परत येते. म्हणून आता दुरुस्ती करून न देता, पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे द्यावीत ही विनंती. उत्तरे मराठीत दिल्यास काउंटरवरच्या माणसांनाही वाचून दाखवता येतील. ते शक्य नसल्यास हिंदी चालेल. पडद्यावरची नावे मात्र इंग्रजीतच, जशी आहेत तशी लिहावीत.

1. फोटो क्र. 1 मधील `Prices Include Tax`, फोटो क्र. 2 मधील `Tax Type` आणि फोटो क्र. 3 मधील `With Tax` या तिन्हींमध्ये अंतिम कोणाचे चालते? वरील तेलाच्या बाटलीसाठी क्र. 1 बंद, क्र. 2 `Inclusive` आणि क्र. 3 `Without Tax` असेल, तर बिल किती रुपयांचे येईल ते आकड्यात लिहावे.

2. क्र. 1 आज चालू केले, तर आधीच भरलेल्या वस्तूंचे `Tax Type` बदलते का, की फक्त पुढे भरल्या जाणाऱ्या वस्तूंनाच ते लागू होते? जुन्या वस्तू एकदम बदलायची सोय आहे का?

3. क्र. 3 मध्ये एका बिलासाठी केलेला बदल पुढच्या बिलाला तसाच राहतो का? राहत असल्यास तो किती वेळ राहतो, त्याच संगणकापुरता राहतो का, आणि ते थांबवायचे कुठे?

4. आम्ही नव्या वस्तू एक्सेलमधून चढवतो. आपल्या नमुना फाइलमध्ये कर धरून की सोडून यासाठी कोणता रकाना आहे, त्यात नेमके काय लिहायचे, आणि तो रिकामा राहिला तर सॉफ्टवेअर काय धरते?

5. वस्तूच्या पानावरचे `Tax Type` खरेदीच्या दरालाही लागू होते का? आमचा वितरक दर कर सोडून देतो आणि विक्री कर धरून होते, तर दोन्ही वेगळे ठेवायचे कसे?

6. बिलातला एखाद्या वस्तूचा कर धरून होणारा दर तिच्या छापील किमतीपेक्षा जास्त झाला, तर बिल तिथेच अडावे असे सेटिंग आहे का? असल्यास त्याची जागा कळवावी.

या सेटिंगमध्ये आपल्या बाजूने काही बदलायचे असल्यास आधी आमच्या माहितीचा बॅकअप घेऊन मगच बदलावे, आणि काय बदलले ते दोन ओळींत लिहून द्यावे. चढ्या बिलांची जबाबदारी कायद्याने आमच्यावर येते, त्यामुळे उत्तर लवकर मिळावे ही पुन्हा विनंती. कळावे.

आपला विश्वासू,
(दुकानाचा शिक्का व सही)

सोबत: दोन बिलांच्या प्रती, पडद्यांचे तीन फोटो, एक्सेल फाइलची प्रत.

---

उत्तरातून काय निघाले

पहिल्या प्रश्नाला उत्तर आले, बिलाच्या पडद्यावरचे अंतिम, बिल 110.25. म्हणजे वस्तूच्या पानावर सगळे बरोबर असूनही वरची एक निवड ते उडवून लावते. दुसऱ्याला, फक्त पुढच्या वस्तूंना. आणि तिसऱ्याने ते दुपारचे कोडे सुटले. एका काउंटरवर केलेली शेवटची निवड सॉफ्टवेअर बंद होईपर्यंत लक्षात ठेवली जाते.

आमच्याकडे स्टँडजवळच्या हॉटेलचे बिल दर आठवड्याला होते. त्यांना खाली कर वेगळा दाखवलेले बिल लागते आणि दर घाऊक, कर सोडून ठरलेला असतो. त्यासाठी काउंटरवरचा मुलगा `Without Tax` निवडतो, आणि ते बरोबरच आहे. पण हॉटेलचे बिल निघाल्यावर त्याच संगणकावर उभे असलेले साधे गिऱ्हाईकही त्याच निवडीत मोजले जायचे. संध्याकाळी संगणक बंद झाला की दुसऱ्या दिवशी सगळे पूर्ववत. जुनी चढी बिले काढून त्यांच्या वेळा पाहिल्या, तर ती हॉटेलच्या बिलानंतरचीच निघाली. तुमच्याकडे चूक कधी असते, कधी नसते, असे होत असेल तर आधी बिलांच्या वेळा पाहा आणि प्रत्येक चढ्या बिलाच्या आधीचे बिल कोणाचे होते ते बघा.

हे थांबवायचे सेटिंग `Remember Last Selection` या नावाने काउंटरच्या सेटिंगमध्ये होते. ते बंद केले. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी सोय नसेल तर घाऊक गिऱ्हाइकांसाठी वेगळा बिलनमुना किंवा वेगळी दरयादी करून मिळते का ते विचारा, म्हणजे काउंटरवर हाताने निवड बदलायचा प्रसंगच येत नाही.

चौथे उत्तर नव्या मालाबद्दलचे होते. एक्सेलच्या नमुना फाइलमध्ये तो रकाना अगदी शेवटी होता आणि वितरकाच्या यादीवरून माल चढवताना तो रिकामाच जात होता. रिकामा रकाना म्हणजे मुख्य सेटिंगचा नियम, आणि तो `Exclusive`. आता फाइल अशी भरतो:

```
Item Name,HSN,MRP,Sale Price,Tax %,Tax Inclusive
Hair Oil 200ml,3305,105,105,5,Y
Detergent 1kg,3402,118,118,18,Y
```

आमच्याकडे `Y` चालते. काही ठिकाणी `Yes` किंवा `TRUE` लागते आणि चुकीचे अक्षर रिकाम्यासारखेच धरले जाते, तेही काही न सांगता. म्हणून पूर्ण यादी चढवण्याआधी दोनच वस्तूंची फाइल चढवून त्यांचे पान उघडून बघा.

सहाव्या प्रश्नातले सेटिंगही होते, `Block Sale Above MRP`, आणि ते मुळात बंद होते. ते चालू केल्यावर 105 च्या बाटलीचे 110 होत असतील तर बिल पुढे सरकतच नाही. त्यासाठी वस्तूच्या पानावर `MRP` चा रकाना भरलेला हवा. तिथे शून्य असेल तर सॉफ्टवेअरकडे तुलना करायला काही नसते आणि ते गप्प राहते. सुट्या धान्याला छापील किंमत नसते, तिथे हे राखणदार कामाचे नाही.

दुरुस्तीनंतरच्या चाचण्या

सेटिंग बदलल्यावर एकच बिल करून समाधान मानू नका. आधी कर सोडून असलेले घाऊक बिल करा, लगेच त्याच संगणकावर साधे बिल करा, मग नव्याने चढवलेल्या वस्तूचे बिल करा. तिन्ही बरोबर आली तरच काम झाले. सॉफ्टवेअरचे अपडेट आल्यावर आणि एप्रिलमध्ये नवे वर्ष उघडल्यावर हीच तीन बिले पुन्हा करा. त्या दोन्ही वेळी मुख्य सेटिंग मूळपदावर गेलेले आमच्या ओळखीच्या दुकानांत पाहिले आहे. चाचणीची बिले खऱ्या मालिकेत करायची नाहीत. नमुना दुकानाची वेगळी फाइल उघडून त्यात करा, नाहीतर ती विक्रीत धरली जातात.

यानंतर बिलाची बेरीज छापील किमतीएवढी यायला लागेल, पण बेरीज बरोबर आली म्हणजे कर बरोबर गेला असे नाही. कर आतून काढला जात असताना दर चुकीचा असला तरी एकूण रक्कम बदलत नाही. तेलाचा दर वस्तूच्या पानावर जुना 18 च राहिला असेल, तर 105 चे बिल 88.98 मूळ आणि 8.01 व 8.01 कर असे फुटते. गिऱ्हाईक 105 च देते, त्याला काहीच कळत नाही. दुकानदार मात्र 5 रुपयांऐवजी 16.02 रुपये कर दाखवतो, म्हणजे एका बाटलीमागे 11.02 रुपये पदरचे. 22 सप्टेंबर 2025 ला केसांचे तेल, शाम्पू, टूथपेस्ट, अंगाचा साबण, बिस्किटे अशा कितीतरी वस्तू 18 वरून 5 वर आल्या. ज्या दुकानांत बिलाची बेरीज नेहमी बरोबर येते, तिथेच ही चूक सगळ्यात उशिरा सापडते. वस्तूंची यादी दरानुसार लावून 18 टक्क्यांच्या गठ्ठ्यावरून एकदा नजर फिरवा, आणि 12 टक्क्यांत काही उरले असेल तर ते आधी बघा, कारण तेव्हापासून किराण्यात येणाऱ्या वस्तूंना तो दर राहिलेला नाही.

खरेदीच्या बाजूचा प्रश्न पाचव्या क्रमांकावर विचारला, त्याला कारण आहे. विक्रीचे दुखणे घालवण्याच्या भरात सगळ्याच ठिकाणी `Inclusive` केले की खरेदी बिघडते. वितरकाच्या बिलात बाटलीचा दर 84, वर 5 टक्के कर 4.20, देणे 88.20. हाच 84 चा दर कर धरून आहे असे सॉफ्टवेअरला सांगितले, तर ते 80 मूळ आणि 4 रुपये कर अशी फोड करते. वितरकाच्या खात्यात देणे 84 च दिसते आणि खरेदीवर दिलेल्या कराची आपल्याला मिळणारी वजावट बाटलीमागे 20 पैशांनी कमी धरली जाते. जीएसटी पोर्टलवरच्या `GSTR-2B` शी खरेदी जुळेनाशी झाली आणि प्रत्येक बिलात फरक पडत असेल, तर हेच तपासा. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तूच्या पानावर खरेदीसाठी वेगळा `Purchase Tax Type` निघाला, दुसऱ्या टॅबमध्ये. तो `Exclusive` ठेवायचा.

कंपोझिशन योजनेतल्या दुकानांना यातले बरेच लागू नाही. त्यांना गिऱ्हाइकाकडून कर घेताच येत नाही, म्हणून त्यांच्या बिलावर कराचे रकानेच नकोत. तिथे बिलाचा प्रकारच `Bill of Supply` करून घ्यावा लागतो.

आधी निघालेल्या चढ्या बिलांचे काय

ती खोडू नका आणि नव्या रकमेने पुन्हा छापू नका. बिलांचे क्रमांक वर्षभर सलग असावे लागतात, मधला आकडा गायब झाला की तो वेगळाच प्रश्न होतो. आधी अशी बिले किती आहेत ते काढा. विक्रीचा वस्तूवार अहवाल एक्सेलमध्ये घ्या. समजा `D` मध्ये नग, `E` मध्ये छापील किंमत आणि `F` मध्ये त्या ओळीची कर धरून रक्कम आहे, तर शेजारच्या रिकाम्या रकान्यात हे लिहून खाली ओढा:

```
=IF(AND(E2>0,F2-D2*E2>0.05),"CHECK","")
```

पाच पैशांची सूट अपूर्णांकांसाठी ठेवली आहे. ज्या ओळींसमोर `CHECK` येईल त्या चढ्या. ज्यांची नावे आपल्याकडे आहेत, म्हणजे उधारीची खाती आणि घरपोच जाणारी, त्यांना जास्तीची रक्कम परत करून मूळ बिलाच्या क्रमांकाचा उल्लेख असलेली क्रेडिट नोट करता येते. सीजीएसटी कायद्याचे कलम 34 त्यासाठीच आहे, आणि अशी नोट ते आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या 30 नोव्हेंबरपर्यंत विवरणपत्रात दाखवावी लागते, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले असेल तर तोपर्यंतच. रोखीने घेऊन गेलेल्या अनोळखी गिऱ्हाइकांकडून कर म्हणून घेतलेली रक्कम मात्र दुकानात ठेवता येत नाही, कलम 76 प्रमाणे ती सरकारात भरावीच लागते. ही यादी, त्या बिलांच्या प्रती आणि सॉफ्टवेअरवाल्याचे लेखी उत्तर असा एकच गठ्ठा करून आपल्या कर सल्लागाराकडे द्या, आणि तो त्या महिन्याचे किंवा तिमाहीचे `GSTR-1` भरायच्या आधी द्या.